दीड रुपयाची वट्टी

“दीड रुपया! दीड रुपयाची वट्टी देणार तू, आणि वर मला अकला शिकवणार?”

अण्णा हे ओरडला तेव्हा त्याच्या हातात पितळेचा चंबू होता, आणि वाक्य संपलं तेव्हा नव्हता. तो धाकट्याच्या डोक्यावरून गेला, दाराच्या चौकटीला आपटला आणि तिथून उलटून माझ्या कानावर आला. त्या कानाने मला पुढे आठवडाभर फक्त मंदिरातल्या घंटा ऐकू येत होत्या. आमच्या गल्लीपासून मंदिर चांगलं लांब आहे, तरी.

आधी कोण कोण ते सांगते, म्हणजे मार कुणाला बसतोय हे कळत राहील. आम्ही चार भावंडं. सगळ्यांत मोठी अक्का. मग अण्णा, ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत कारकून. मग मी. आणि शेवटी धाकटा, तिरुचीच्या एका औषध कंपनीचा प्रतिनिधी, गळ्यात टाय आणि पाकिटात क्रेडिट कार्ड. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांत तेव्हा एवढं एकच कार्ड असावं. लोक ते पाहायला येत. समोरच्या घरातल्या पेन्शनर आजोबांनी ते एकदा नाकाला लावून हुंगलं होतं.

आमचे पूर्वज तंजावूरला तलवारी घेऊन आले असं आम्हाला लहानपणापासून सांगतात. तलवारी कुठे गेल्या कुणास ठाऊक, पण हात शिल्लक राहिले. पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांत आणि शाळांत खर्डेघाशी करूनही त्या हातांची खाज गेली नाही. आमच्या घरी भांडण म्हणजे शब्द हा नुसता नैवेद्य. खरं जेवण नंतर.

तर “वट्टी”. तमिळमध्ये व्याजाला वट्टी म्हणतात, आणि आमच्या घरातल्या मराठीत व्याज हा शब्द कधीच वारला, त्याच्या जागी ही वट्टी येऊन बसली. पुण्याची एक पाहुणी एकदा आमच्याकडे उतरली होती. अण्णाने तिला सांगितलं की मी लोकांना दोन रुपयांच्या वट्टीने पैसे देतो. तिने कौतुकाने विचारलं, “इतकी स्वस्त? पितळेची की स्टीलची?”

आमच्याकडे वट्टी टक्क्यांत मोजत नाहीत. शंभर रुपयांना महिन्याला किती रुपये, एवढाच हिशोब. एक रुपया वट्टी, दोन रुपये वट्टी. आणि त्यातली मेख अशी की मुद्दल शेवटपर्यंत जागचं हलत नाही. शंभर घेतले की दर महिन्याला नुसती वट्टी द्यायची, आणि कधीतरी एकदम शंभर परत. अण्णा कचेरीतून सुटला की कालव्याकाठच्या गावांत मोपेडवर हिंडून असली किरकोळ सावकारी करायचा. जगातलं प्रत्येक कर्ज तो याच एका फूटपट्टीने मोजायचा. जागतिक बँकेने कर्ज दिलं असतं तरी त्याने आधी विचारलं असतं, किती रुपयांची वट्टी?

आता भांडण कशावरून. अक्का कुंभकोणमहून नवऱ्याचं घर सोडून आमच्याकडे आली होती. का आली ते तिच्या पाठीवर लिहिलेलं होतं. मी तिला न्हाऊ घालताना ते वाचलं आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाही. आल्यावर तिने जुन्या दगडी रगड्यावर इडलीचं पीठ वाटून दोन खानावळींना द्यायला सुरुवात केली. पीठ असं व्हायचं की त्याची इडली ताटातून उडून जाईल म्हणून लोक वर चटणीचं वजन ठेवायचे. मग एका हॉटेलवाल्याने रोज घेईन म्हटलं. तेवढं पीठ हाताने वाटलं असतं तर खांदे निखळून पडले असते. धाकट्याने तिला तिरुचीला नेलं, मोठा मोटरवाला ग्राइंडर आणि पीठ ठेवायला फ्रिज घेऊन दिला, आणि छत्तीस हजार रुपये ऐटीत कार्डावर घासले. अक्का म्हणाली, तुझे पैसे मी फेडीन. धाकटा म्हणाला, बघू गे.

मग बिल आलं. भरायची शेवटची तारीख उद्या. न भरता पुढे ढकललं तर कार्डवाले महिन्याला जवळजवळ तीन रुपयांची वट्टी लावतात, ती अण्णासुद्धा लावायला लाजेल. धाकट्याच्या खात्यात तेव्हा टाय सोडून काही नव्हतं.

दोन वाटा होत्या. पहिली धाकट्याची. कार्डवाल्यांना फोन करायचा आणि सांगायचं की या छत्तीस हजारांचे बारा हप्ते करा. त्याला व्याज महिन्याला दीड टक्का, आणि एक टक्का प्रक्रिया शुल्क. दुसरी अण्णाची. त्याच्या पगारावर बँकेतून वैयक्तिक कर्ज काढायचं, बारा महिन्यांचं, नऊ टक्के वर्षाला, सरसकट. प्रक्रिया शुल्क दोन टक्के.

नऊ टक्के वर्षाला म्हणजे महिन्याला पाऊण. अण्णाच्या फूटपट्टीवर एकीकडे पाऊण रुपयाची वट्टी आणि दुसरीकडे दीड रुपयाची. बरोबर दुप्पट. त्याने तिथल्या तिथे तोंडी हिशोब केला. कार्डावर वर्षाची वट्टी सहा हजार चारशे ऐंशी, म्हणजे महिन्याचा हप्ता तीन हजार पाचशे चाळीस. बँकेत वट्टी तीन हजार दोनशे चाळीस, हप्ता तीन हजार दोनशे सत्तर.

आणि खरी गोष्ट इथे अडकली होती. अक्काच्या हाती पिठातून सगळा खर्च जाऊन महिन्याला तीन हजार चारशे उरत. त्याच्या वर एक रुपया नाही. म्हणजे अण्णाच्या हिशोबाने कार्डाचा हप्ता तिला झेपणार नव्हता, बँकेचा झेपत होता. पण बँकेचं कर्ज अण्णाच्या सहीवर. आणि त्याचं म्हणणं, कर्ज माझ्या सहीवर तर यंत्र माझं, यंत्र माझं तर ते तुमची वैनी चालवेल, आणि वैनी चालवेल तर अक्का इथे कशाला, कुंभकोणमला नवरा आहे की तिला. हे सगळं तो पान खाता खाता म्हणाला, जणू पंचांगातून तिथी वाचून दाखवत होता. त्याचं गणित चुकलं तरच अक्का राहणार होती.

धाकट्याने त्याला सावकार म्हटलं. तिथून चंबू.

आता मी. मी तेव्हा दक्षिण वीथीवरच्या एका कर्ज एजन्सीत बसत असे. बँकांची वैयक्तिक कर्जं विकायची, फॉर्म भरून घ्यायचे, सह्या कुठे करायच्या तिथे पेन्सिलीने फुल्या मारायच्या. अण्णाने आणलेला तो नऊ टक्क्यांचा फॉर्म माझ्याच टेबलावरचा होता. म्हणून मी कानावर हात धरून उठले आणि म्हणाले की दोघंही थांबा, ही तुलना अशी नसते, बँकेचे नऊ आणि कार्डाचे वर्षाला अठरा ही दोन वेगळ्या भाषांतली—

पुढचं कुणी ऐकलं नाही. धाकट्याने चुलीवरचा लोखंडी कालथा उचलला होता.

कालथ्याचा पहिला वार अण्णाच्या खांद्यावर बसला. आवाज असा झाला की शेजारच्या गोठ्यातल्या गाईने दूध चोरलं. अण्णाने त्याच्या टायला धरून त्याला बैलासारखं परसात ओढत नेलं. परसात पत्र्याच्या शेडखाली अक्का ग्राइंडर चालवत होती. तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. डाव्या हाताने पाणी घालत होती, उजव्याने पिठाच्या कडा सोडवत होती. यंत्र घरघरत होतं, आणि त्या घरघरीवर हे दोघं ओल्या फरशीवर तांदळाच्या धुवणात लोळत होते. धाकट्याने अण्णाच्या पोटरीचा चावा घेतला. अण्णाने त्याचं डोकं पाण्याच्या हौदात बुडवलं आणि इतका वेळ धरून ठेवलं, की मला वाटलं आता आम्ही तीनच भावंडं राहिलो. मी अण्णाच्या पाठीत परसातला नारळ घातला. नारळ फुटला. अण्णाला फक्त खाज सुटली असावी, त्याने मागे हात नेऊन पाठ खाजवली आणि बुडवणं चालू ठेवलं.

धाकटा कसाबसा सुटला. फुफ्फुसात अर्धी कावेरी घेऊन तो वर आला आणि त्याने थेट अण्णाच्या तोंडावर डोकं मारलं. दोन दात. एक फरशीवर पडला, एक अण्णाने गिळला. मग अण्णाने त्याचा हात धरला आणि मनगट रगड्याच्या दगडी कडेवर असं आपटलं, की आतून सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला.  धाकटा खाली बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो कुणीतरी तिथे विसरून गेलंय.

इथे थांबायला हवं होतं. पण अण्णाला रक्ताची चव लागली होती, बहुतेक स्वतःच्याच. तो म्हणाला, आज, आत्ता, हे यंत्र बाहेर जाईल, भंगारवाल्याला देतो, मग कसला हप्ता आणि कसली वट्टी. तो ग्राइंडरकडे गेला. अक्का मध्ये उभी राहिली. त्याने तिच्या केसांचा बुचडा धरून तिला बाजूला फेकलं. ती भिंतीवर आदळली आणि ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. ती आवाज न करता उठली आणि पुन्हा मध्ये उभी राहिली. त्याने पुन्हा मारलं, या वेळी उलट्या हाताने. मी आणखी एक नारळ शोधत होते. मिळाला असता तर आज ही गोष्ट मी तुरुंगातून लिहीत असते.

तिसऱ्यांदा तिला ढकलून तो वायर उपटायला खाली वाकला. त्याच्या खांद्यावर सुती तुंडू होता, आमच्याकडे पुरुष खांद्यावर टाकतात तो पंचा, आणि भांडणात तो गळ्याभोवती एक वेढा घेऊन बसला होता. त्याचं लोंबतं टोक मोटरच्या पट्ट्यात गेलं.

ग्राइंडरचा पट्टा कापड खातो ते मी त्या दिवशी पाहिलं. एका श्वासात टोक चाकावर गुंडाळलं गेलं, वेढा आवळला, आणि अण्णाचं तोंड यंत्राच्या लोखंडी चौकटीवर जाऊन चिकटलं. त्याचे पाय फरशीवर घसरत होते. ओरडणं बंद झालं होतं, घशातून फक्त शिट्टीसारखं काहीतरी येत होतं. धाकटा मोडका हात पोटाशी धरून धावला आणि चांगल्या हाताने कापड ओढू लागला. मघाशी जीव घ्यायला निघालेला तो आता रडत होता, “अण्णा, अण्णा, मान वर कर रे.”

बटण भिंतीवर होतं, अक्काच्या हाताशी.

इतका वेळ मी तुम्हाला बरंच काही वाढवून सांगितलं. दात एकच पडला होता आणि गाय शेजाऱ्यांकडे नाहीच. पण हे मी जसं पाहिलं तसंच सांगते. अक्काचा हात बटणावर होता आणि ती अण्णाकडे बघत होती. ओठातून रक्त गळत होतं. तिने लगेच बटण दाबलं नाही. किती वेळ, ते मी मोजलं नाही आणि नंतर कधी विचारलंही नाही. मग तिने ते दाबलं.

घरघर थांबली. गल्ली एकदम इतकी शांत झाली, की दोन घरांपलीकडच्या कढईतलं तेल ऐकू आलं. मी विळीने कापड कापलं आणि अण्णा मागे पडला. मानेभोवती तांबडा पट्टा, जानव्याइतका स्पष्ट. ढकलाढकलीत पिठाचं पातेलं उलटलं होतं आणि सगळ्या फरशीवर पांढरं पीठ पसरलं होतं. त्यात अण्णा आडवा, धाकटा बसलेला, अक्का उभी. मी त्या पिठात मांडी घालून बसले, कारण असे शांत ते पुन्हा कधी सापडले नसते.

मी बोटाने फरशीवरच्या पिठात लिहायला लागले.

अण्णाला म्हटलं, तुझी फूटपट्टी तुझ्या कुळांना लाव. त्यांच्याकडे मुद्दल वर्षभर तसंच राहतं, म्हणून दीड रुपया म्हणजे दर महिन्याला पाचशे चाळीस, बारा वेळा. कार्डवाले तसं करत नाहीत. ते शिल्लक मुद्दलावर आकारतात. पहिल्या महिन्याला छत्तीस हजारांवर पाचशे चाळीस, खरं आहे. पण हप्ता भरला तीन हजार तीनशे, त्यातले दोन हजार सातशे साठ मुद्दलात गेले. दुसऱ्या महिन्याला तेहतीस हजार दोनशे चाळीसवरच व्याज, पाचशेच्या आत. असं उतरत उतरत शेवटच्या महिन्याला पन्नास रुपयेही नाहीत. वर्षाचं व्याज तीन हजार सहाशेच्या जरा वर. तुझे सहा हजार चारशे ऐंशी आले कुठून?

अण्णा वरच्या पत्र्याकडे बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं. आमच्या घराण्यात गणित समजावून सांगायची अशी संधी मला पहिल्यांदाच मिळत होती.

मग म्हटलं, आता बँकेचं. नऊ टक्के सरसकट म्हणजे काय? दर महिन्याला तीन हजार मुद्दल आणि दोनशे सत्तर व्याज. पहिल्या महिन्याला दोनशे सत्तर, आणि शेवटच्याही महिन्याला दोनशे सत्तर. मुद्दल फिटत जातं, व्याजाला त्याचा पत्ता नसतो. शेवटच्या महिन्यात तुझ्याकडे बाकी किती? तीन हजार. तीन हजारांवर एका महिन्याला दोनशे सत्तर म्हणजे किती रुपयांची वट्टी झाली?

त्याचे ओठ हलले. शंभराला नऊ. मी बघितलं, त्याच्या डोळ्यांत आकडा बरोबर येऊन बसला. आयुष्यात दोन रुपयांच्या वर वट्टी न घेतलेला सावकार तो, आणि पाऊण रुपया म्हणून नऊ रुपयांच्या वट्टीखाली सही करायला निघाला होता.

घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, “तूच तर विकतेस हे. नऊ टक्के म्हणून.”

“विकते मीच,” मी म्हटलं, “म्हणून तर माहीत आहे.”

तरी व्याजात बँक अजून स्वस्तच होती, साडेतीनशेहून जरा जास्त रुपयांनी. धाकट्याला हे आवडलं नाही. एक हात मोडलेला असूनही तो वाद घालायला पुढे सरकला. मी त्याला म्हटलं, बस, अजून शुल्क राहिलंय. फॉर्मवर दोन टक्के लिहिलंय, म्हणजे सातशे वीस. पण त्याच्या खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणखी एक ओळ आहे, कमीत कमी एक हजार. ते हजार बँक वेगळे मागत नाही, कर्जातूनच कापून घेते. सही छत्तीस हजारांवर, चेक पस्तीस हजारांचा, आणि हप्ता छत्तीसचाच. बिल भरायला वरचे हजार कोण देणार, अण्णा, तू? शिवाय बँकेचा माणूस घर बघायला येईल, कचेरीत फोन करेल, चेक यायला आठवडा जाईल, आणि बिल तर उद्या आहे. कार्डवाल्यांचं शुल्क एक टक्का, तीनशे साठ, पुढच्या बिलात लागेल, ते एकदाचं धाकटा भरेल. सेवाकर दोन्हीकडच्या शुल्कावर, तो मी धरत नाही. बँकेच्या कर्जाचा एकूण खर्च चार हजार दोनशे चाळीस. कार्डाचा तीन हजार नऊशे सहासष्ट. कार्ड पावणेतीनशेने स्वस्त. दुप्पट म्हणून ज्याच्यावर तू चंबू फेकलास, ते.

“पावणेतीनशे,” धाकटा म्हणाला आणि आपल्या मनगटाकडे बघितलं. ते आता पिकलेल्या पपईसारखं सुजलं होतं.

 अक्काने पदराने ओठ टिपला आणि मला एवढंच विचारलं की महिन्याला नक्की किती. मी म्हटलं, तीन हजार तीनशे, आणि वर चिल्लर. तिने मनात वजाबाकी केली. तीन हजार चारशेतून तीन हजार तीनशे. शंभराच्या आत काहीतरी उरत होतं. मान हलवून ती म्हणाली, करा फोन.

फोन करणं ही दुसरी लढाई. धाकट्याचा मोबाइल हौदात बुडून मेला होता. आम्ही तिघं, म्हणजे तो, मी आणि अक्का, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एस.टी.डी. बूथमध्ये कोंबलो. बूथवाल्याने आमच्याकडे पाहिलं. एकाचा हात लुंगीच्या फडक्यात बांधलेला, एकीचा ओठ फाटलेला, एकीच्या कपाळावर पीठ. त्याने तमिळमध्ये विचारलं, पोलिसांना लावायचाय का? मी म्हटलं, क्रेडिट कार्डला. तो म्हणाला, एवढं झालं?

कार्डवाल्यांचा नियम असा की कार्ड ज्याच्या नावावर त्यानेच बोलायचं. धाकट्याने बोलायला तोंड उघडलं, तर हौदाच्या कडेवर आपटलेले त्याचे ओठ वड्यांएवढे झाले होते. पलीकडे मद्रासच्या बाजूची एक मुलगी होती, अत्यंत गोड आवाजाची. तिने त्याची जन्मतारीख विचारली. त्याने सांगितली. तिने पुन्हा विचारली. त्याने पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा तिला वाटलं की कुणीतरी चोरलेल्या कार्डावरून दारूच्या नशेत बोलतंय, आणि ती फोन ठेवायला निघाली. अक्काने बूथमधल्या बाटलीतलं पाणी घेऊन त्याच्या ओठांवर ओतलं आणि कानात म्हणाली, “नीट बोल. एवढं तरी नीट कर.”

तो नीट बोलला. मुलीने वाचून दाखवलं. रक्कम छत्तीस हजार, मुदत बारा महिने, व्याज महिन्याला दीड टक्का शिल्लक रकमेवर, प्रक्रिया शुल्क तीनशे साठ आणि त्यावर सेवाकर. ही रक्कम या बिलातून निघेल, पहिला हप्ता पुढच्या बिलात. मध्येच बंद केलं तर आकार वेगळा. मान्य असेल तर स्पष्टपणे हो म्हणा, हे संभाषण रेकॉर्ड होतंय.

धाकट्याने जीव एकवटून हो म्हटलं. ते “हॉव” असं ऐकू आलं. मुलीने दोन क्षण विचार केला आणि ते हो धरलं. आमच्या घरातलं कुणाचंही हो इतकं रक्त सांडून कुठे नोंदलं गेलं नसेल, आणि आमच्यात लग्नं पण झालीत.

संध्याकाळी सरकारी इस्पितळात एकाच बाकावर दोघं बसले होते. एकाच्या हातावर प्लास्टर, दुसऱ्याच्या मानेवर मलम. डॉक्टरने काय झालं विचारलं तेव्हा दोघंही एकदम म्हणाले, ग्राइंडर. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मोठा आहे.

घरी आलो तेव्हा अक्काने फरशी धुऊन काढली होती. माझी सगळी गणितं पिठाबरोबर मोरीत गेली होती. यंत्राचा पट्टा तिने मोकळा केला होता, चाकात अडकलेल्या तुंडूच्या चिंध्या काढून एका बाजूला नीट रचल्या होत्या. अण्णा दारात उभा राहिला. आत येऊ की नको, असं त्याचं चाललं होतं, स्वतःच्याच घरात. त्याने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा तिच्या ओठाकडे, आणि मग कुठेच नाही. घोगऱ्या आवाजात म्हणाला, “म्हणजे आता तू कुंभकोणमला जाणार नाहीस.”

अक्का सुपात उडीद पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

“चार किलो भिजवायचेत,” ती म्हणाली, “बादली आण.”